अबबक की ०अअ०? चार चरणांच्या कडव्यातलं यमक कसं नोंदवायचं

ओळीच्या शेवटी अ, ब, क अशी अक्षरं लावून कवितेतल्या यमकाची रचना दाखवायची पद्धत आपल्याला एम.ए.ला कधीतरी भेटते. पहिल्या ओळीच्या शेवटाला अ द्यायचा. दुसरी ओळ तिच्याशी जुळली तर तिलाही अ, नाही जुळली तर ब. तिसरी आधीच्या कुणाशी जुळते ते बघायचं आणि तेच अक्षर द्यायचं, नाहीतर नवं. चार ओळी संपल्या की अअबब, अबअब, अबबअ असं काहीतरी हातात येतं. पद्धत पाच मिनिटांत शिकून होते, त्यामुळे ती प्रबंधात फारसा विचार न करता वापरली जाते. मग 'इथे कवीने यमकाचे बंधन झुगारले आहे' अशी वाक्यं लिहिली जातात आणि त्यांच्यामागे पुरावा एवढाच असतो, की एका कडव्यात अपेक्षित अक्षर आलं नाही.

ते अक्षर न येण्याची कारणं वेगवेगळी असू शकतात. कवीनं यमक मुद्दाम सोडलं असेल. नकलताना किंवा छापताना पाठ बदलला असेल. किंवा यमक जागेवरच असेल आणि आपणच ते चुकीच्या जागी शोधत असू. पहिलं कारण लिहायचं असेल तर उरलेली दोन आधी तपासावी लागतात. ती कशी तपासायची हे या लेखात एकाच रचनेवर दाखवतो: मोठा अभंग. तो निवडायचं कारण असं, की अक्षरं लावण्याच्या पद्धतीतले जवळजवळ सगळे प्रश्न त्याच्या चार छोट्या चरणांत समोर येतात.

ओळ वेगळी, चरण वेगळा

मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरं, चौथ्यात चार. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं आणि 'घर'सारख्या शब्दातला शेवटचा र बोलताना अर्धवट उच्चारला तरी मोजताना पूर्ण अक्षर. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी. संतांच्या प्रत्यक्ष रचनेत एखादं अक्षर कमी-जास्त होतं, पण मूळ साचा हा.

सरावासाठी मी स्वतःच चार कडवी रचली आहेत. काव्य म्हणून त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. ती मोजायला सोपी आहेत आणि त्यांत काय मुद्दाम केलंय ते मला माहीत आहे, एवढाच त्यांचा उपयोग. गाथेत जशी छापतात तशीच मांडतो:

उन्हाने आटले आडातले पाणी ।
मुकी झाली वाणी रहाटाची ॥ १ ॥

दोर लोंबतसे कोरडा काठाशी ।
बादली उपाशी पडलेली ॥ २ ॥

पोर वाकुनिया हाक देई आत ।
घुमे अंधारात तिचा सूर ॥ ३ ॥

उत्तर येईना तळातून काही ।
ओठांवर थेंब घामाचाच ॥ ४ ॥

आता छापील ओळींच्या शेवटी अक्षरं लावून बघा. पाणी आणि रहाटाची: जुळत नाही. काठाशी आणि पडलेली: नाही. आत आणि सूर: नाही. काही आणि घामाचाच: नाही. म्हणजे या नोंदीप्रमाणे अख्ख्या कवितेत यमकच नाही! पण मोठ्यानं वाचलं तर पहिल्या तीन कडव्यांत ते कानावर स्पष्ट आदळतं. कारण उघड आहे. छापील ओळ म्हणजे दोन चरण. यमकाचा एक शब्द पहिल्या ओळीच्या शेवटी आहे, पण त्याचा जोडीदार दुसऱ्या ओळीच्या पोटात आहे. मुद्रकाला चार अक्षरांचा चरण स्वतंत्र ओळीत टाकून कागद वाया घालवायचा नसतो, म्हणून ही मांडणी रूढ झालेली दिसते. तिचा यमकाशी संबंध नाही.

तेव्हा अक्षरं लावण्याआधीचं पहिलं काम म्हणजे कडवं चरणांत तोडून लिहिणं. दंड कुठे आहेत यावरून चरण ठरवायचे नाहीत, अक्षरं मोजून ठरवायचे. पहिलं कडवं असं होईल:

उन्हाने आटले (६)
आडातले पाणी (६)
मुकी झाली वाणी (६)
रहाटाची (४)

आता पाणी आणि वाणी एकाखाली एक आले. चारही कडवी अशी तोडून घ्या, मग पुढे जाऊ.

अबबक आणि ०अअ०

पहिल्या कडव्याला सरळ नियमानं अक्षरं लावली तर आटले अ, पाणी ब, वाणी ब, रहाटाची क. म्हणजे अबबक. मराठीतल्या बऱ्याच नोंदींमध्ये हे असंच सापडतं आणि ते चूक नाही. पण या चार अक्षरांत एक गोष्ट लपते. अ आणि क ही अक्षरं पाहून वाटतं, की या दोन शेवटांनाही कुठेतरी जोडीदार असेल, पुढच्या कडव्यात वगैरे. अबअब या रचनेत पहिला अ तिसऱ्या ओळीची वाट बघत असतो; अभंगातला पहिला चरण कुणाचीच वाट बघत नाही. दोन्ही ठिकाणी अक्षर मात्र एकच.

म्हणून दोन फेऱ्यांत काम करावं. पहिल्या फेरीत प्रत्येक नव्या शेवटाला नवं अक्षर द्यायचं. दुसऱ्या फेरीत, सगळी कविता पाहून झाल्यावर, जे अक्षर एकदाच आलंय ते पुसून तिथे ० लिहायचं आणि उरलेल्यांना पुन्हा अ पासून नावं द्यायची. शून्याचा अर्थ: या चरणाला यमकाचा जोडीदार नाही. पहिलं कडवं मग ०अअ० होतं आणि रचना नजरेत भरते: मधे एक जोडी, दोन्ही बाजूंना मोकळे चरण.

दुसरी फेरी कविता संपल्यावरच करायची, कडव्यागणिक नाही. काही रचनांमध्ये पहिल्या कडव्याचा चौथा चरण दुसऱ्या कडव्याच्या चौथ्याशी जुळतो, किंवा सगळ्या कडव्यांचे शेवट ध्रुपदाशी जुळतात. कडव्यापुरतं पाहून शून्य लावलं तर हा धागा सुटतो. तो सुटू नये म्हणून अक्षराशेजारी प्रत्यक्ष जुळणारा आवाजही लिहून ठेवावा. आपल्या कवितेची नोंद अशी:

कडवं १: आटले ० / पाणी अ / वाणी अ / रहाटाची ० (आवाज: आणी)
कडवं २: लोंबतसे ० / काठाशी अ / उपाशी अ / पडलेली ० (आवाज: आशी)
कडवं ३: वाकुनिया ० / आत अ / अंधारात अ / सूर ० (आवाज: आत)
कडवं ४: येईना ० / काही ० / थेंब ० / घामाचाच ० (आवाज: नाही)

प्रत्येक कडव्यात अक्षरं अ पासून नव्यानं सुरू केल्यामुळे आकृती कडव्याकडव्यात ताडता येते. आवाजाच्या रकान्यामुळे दोन कडव्यांत एकच यमक परत आलं तर तेही दिसतं. इथे तसं काही आलेलं नाही.

तीन कडवी ०अअ०, चौथं ००००. मोड सापडली असं वाटतंय ना? जरा थांबू. ही तीन कडवी जुळतात हे आपण कुठल्या नियमानं म्हटलं?

काय जुळलं म्हणजे यमक जुळलं?

'शेवटचं अक्षर सारखं असलं की यमक' हा नियम पहिल्याच पायरीला अडखळतो. गाव आणि जीव यांचं शेवटचं अक्षर व. पण कानाला ते जुळत नाहीत, कारण त्याआधीचा स्वर वेगळा आहे. गाव आणि नाव जुळतात. म्हणून किमान नियम असा ठेवावा लागतो: शेवटचं अक्षर आणि त्याच्या आधीच्या अक्षरातला स्वर, दोन्ही सारखे हवेत. पाणी–वाणी या कसोटीला उतरतात: णी सारखा, त्याआधी आ सारखा.

दुसरी अडचण लिपीची. आपण आवाज मोजतोय, पण समोर कागदावर लिपी असते. आशा आणि भाषा यांत श आणि ष वेगळे. आजच्या उच्चारात मात्र ते एकच, म्हणून जुळतात. उलट वाचा म्हणजे वाणी आणि त्याचा हे सर्वनाम यांचे शेवट कागदावर अगदी सारखे दिसतात. बोलून बघा. वाचा मधला च तालव्य, चिमणीतल्यासारखा. त्याचा मधला दंततालव्य, चमच्यातल्यासारखा. डोळ्याला यमक, कानाला नाही. शोधसुविधा वापरून शेवटची अक्षरं जुळवणाऱ्यांनी हे दोन्ही प्रकार हातानं तपासावेत. संगणकाला लिपी दिसते, उच्चार ऐकू येत नाही.

जुन्या छापील प्रतींत आणखी एक भर पडते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लिहिणं बंद झालं. त्याआधीच्या पुस्तकात केले आणि केलें हे दोन वेगळे शब्द म्हणून छापलेले असतात. ही जोडी यमक धरायची की नाही? तुम्ही कुठल्या काळातला उच्चार मोजताय यावर ते अवलंबून आहे. अनुस्वार खरोखर नाकात उच्चारला जात होता त्या काळची रचना असेल तर तो भेद खरा. तो नुसता लेखनात उरला होता त्या काळची असेल तर भेद फक्त डोळ्याला. कुठलाही निर्णय घ्या, पण तो पद्धतीच्या प्रकरणात लिहून ठेवा आणि सगळ्या कवितांना सारखाच लावा.

तिसरी अडचण मराठीच्या व्याकरणातून येते आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपली भाषा प्रत्ययांची. घरात, मनात, रानात, पानात: -आत लावला की कुठलंही नाम कुठल्याही नामाशी जुळतं. तीच गत करतो–म्हणतो, आली–गेली यांची. अशा यमकात कवीला शोध घ्यावा लागत नाही, व्याकरणच ते करून देतं. किमान नियमानं हे सगळं यमकच आहे. पण कुणी म्हणेल, 'प्रत्ययाचं यमक मी धरत नाही, मूळ शब्द जुळायला हवेत.' तोही नियम योग्य असू शकतो.

आता तो कडक नियम आपल्या कवितेला लावू. पहिलं कडवं, पाणी–वाणी: दोन्ही मूळ शब्द, यमक टिकतं. दुसरं कडवं, काठाशी–उपाशी: एकीकडे शी हा प्रत्यय, दुसरीकडे शी शब्दाचाच भाग. वादग्रस्त. तिसरं कडवं, आत–अंधारात: अंधारात मधला जुळणारा आवाज पूर्णपणे प्रत्ययाचा. कडक नियमानं हे यमक गेलं.

म्हणजे सैल नियमानं चारांपैकी एका कडव्यात मोड, कडक नियमानं दोन किंवा तीन कडव्यांत. पहिल्या मोजणीत चौथं कडवं एकटं पडलेलं, म्हणून लक्षणीय. दुसऱ्या मोजणीत कविता निम्म्या किंवा त्याहून अधिक ठिकाणी मोडते आणि चौथ्या कडव्याचं वेगळेपण जवळजवळ संपतं. कविता तीच आहे, एक अक्षरही बदललेलं नाही. नियम आधी सांगितला नसेल तर निष्कर्षाला काही अर्थ उरत नाही तो यामुळे.

मग कुठला नियम घ्यायचा? त्या रचनापरंपरेत जे यमक म्हणून चालत आलंय ते. अभंगात प्रत्ययाची यमकं सर्रास येतात, गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ती पुरतात. तिथे कडक नियम लावणं म्हणजे परंपरेनं न घातलेली अट बाहेरून घालणं. उलट वामन पंडितांसारखा कवी घ्या, ज्यांना यमकांच्या सोसामुळे 'यमक्या वामन' असंच म्हणत. तिथे सैल नियमानं सगळंच जुळेल आणि हाती काही लागणार नाही. किती अक्षरं मागपर्यंत जुळतात हे मोजणारा बारीक नियम लागेल. आपली कविता अभंगाच्या साच्यातली, म्हणून इथे सैल नियम धरतो आणि प्रत्ययाच्या यमकांपुढे एक छोटी खूण करून ठेवतो. ती खूण पुढे उपयोगी पडेल.

शून्य म्हणजे मोड नव्हे

एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. नोंदीत ० दिसलं की मोड सापडली, असं नाही. चार चरणांच्या प्रत्येक रचनेत मोकळ्या चरणाची स्वतःची ठरलेली जागा असू शकते. ज्ञानेश्वरीतल्या ओवीत पहिले तीन चरण जुळतात आणि आखूड चौथा चरण मोकळा असतो: अअअ०. मोठ्या अभंगात पहिला आणि चौथा मोकळे: ०अअ०. रुबाईत पहिली, दुसरी आणि चौथी ओळ जुळते, तिसरी बहुधा मोकळी: अअ०अ. उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणणाऱ्या माधव जूलियनांमुळे हा आकार मराठी वाचकालाही परिचयाचा आहे. रुबाईच्या तिसऱ्या ओळीत यमक नाही म्हणून कुणी 'इथे बंध तुटतो' असं लिहिलं तर ते रचनेचं वर्णन झालं, मोडीचं नाही.

मोड म्हणजे अपेक्षित जागी न आलेलं यमक. अपेक्षा दोन ठिकाणांहून तयार होते: रचनेच्या रूढ साच्यातून आणि त्या कवितेनं स्वतः आधीच्या कडव्यांत केलेल्या पुनरावृत्तीतून. म्हणून एकट्या कडव्यात मोड दाखवता येत नाही, जोवर साचा बाहेरून पक्का माहीत नाही. आपल्याकडे दोन्ही आहेत. साचा मोठ्या अभंगाचा आणि तीन कडवी त्याला धरून चाललेली. चौथ्यात दुसरा आणि तिसरा चरण जुळत नाहीत, म्हणून ही मोड. पहिल्या आणि चौथ्या चरणाचं शून्य मात्र चारही कडव्यांत आहेच, त्याबद्दल काही लिहायचं नाही.

चौथ्या कडव्याची तपासणी

मोड नक्की झाली. आता ती कुणाची, हे बघायचं.

आधी यमक दुसऱ्या जागी सरकलंय का ते पाहा. चौथ्या कडव्याचे चार शेवट येईना, काही, थेंब, घामाचाच. पहिला–तिसरा, दुसरा–चौथा, तिसरा–चौथा अशा सगळ्या जोड्या लावून बघितल्या तरी काही जुळत नाही. आधीच्या कडव्यांतल्या आवाजांशी, म्हणजे आणी, आशी, आत यांच्याशीही नाही. यमक सरकलेलं नाही, गेलेलंच आहे.

मग अक्षरं मोजा. उत्तर येईना, सहा. तळातून काही, सहा. ओठांवर थेंब, सहा. घामाचाच, चार. मोजणी बिनचूक आहे आणि हा महत्त्वाचा पुरावा आहे. नकलकाराकडून शब्द गळला किंवा जास्तीचा आला तर यमकाबरोबर अक्षरसंख्याही बिघडते. दोन्ही एकाच जागी बिघडलेली दिसली तर संशय पाठावर घ्यावा. यमक गेलंय पण अक्षरसंख्या शाबूत आहे, तेव्हा शब्द गळल्याची शक्यता कमी होते. संपत मात्र नाही, कारण अख्खा चरणच बदलला असू शकतो.

म्हणून तिसरी पायरी, पाठभेद. तुकारामांची विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली संपादित केलेली आणि १८६९ ते १८७३ या काळात निघालेली गाथा वेगवेगळ्या हस्तलिखितांच्या आधारानं तयार झाली. जुन्या रचनांवर काम करताना अशा संपादनांकडे आणि शक्य तर हस्तलिखितांकडे जावंच लागतं. आपल्या कवितेला अर्थातच हस्तलिखितं नाहीत, पण समजा तिची दुसरी एक प्रत सापडली आणि तिच्यात चौथं कडवं असं आहे:

उत्तर येईना तळातून काही ।
पोर वाट पाही पावसाची ॥ ४ ॥

काही–पाही. यमक जुळलं, अक्षरं ६-६-६-४, मधली जोडी पुन्हा अअ. मोड गायब! मूळ पाठ कुठला?

पाठसंशोधनात एक विचार नेहमी वापरतात: दोन पाठांपैकी ज्यातून दुसरा तयार होणं अधिक सहज समजतं, तो आधीचा. नकलकार किंवा गाणारा खटकणारी जागा गुळगुळीत करतो. सरळ चाललेलं यमक मुद्दाम मोडून ठेवायचं त्याला सहसा कारण नसतं. या दुसऱ्या प्रतीत 'पोर' तिसऱ्या कडव्यातून उचललेली आहे आणि 'पावसाची वाट पाहणं' हा कोरड्या आडाच्या कवितेत कुणालाही सुचेल असा शेवट आहे. पहिल्या प्रतीतला घामाचा थेंब तितका सहज सुचणारा नाही. तेव्हा यमक नसलेला पाठ आधीचा आणि यमक असलेला दुरुस्त केलेला, असं म्हणायला जागा आहे.

जागा आहे, एवढंच. विसराळू नकलकाराच्या हातून यमक जातंही. आठवणीतून लिहिणारा माणूस एखादा चरण विसरून स्वतःचा घालतो आणि तेव्हा यमकाकडे त्याचं लक्ष असेलच असं नाही. प्रतींचं वय काय, त्या एकमेकींवरून उतरवल्यात का, त्याच नकलकारानं इतरत्र काय केलंय, हे पाहिल्याशिवाय हा विचार पुरावा होत नाही. आणि जुनी प्रत म्हणजे मूळ प्रत असंही नाही.

संतांच्या अभंगात शेवटच्या कडव्यापुरती एक जास्तीची गोष्ट बघावी. कवीची नाममुद्रा बहुधा शेवटच्या कडव्याच्या पहिल्या चरणात येते. 'तुका म्हणे' ही चार अक्षरं, सहांतली दोन उरतात. पहिला चरण यमकातून मोकळाच असल्यामुळे नाममुद्रेनं यमकाला धक्का बसायचं कारण नाही. म्हणजे शेवटच्या कडव्यात यमक गेलं असेल तर 'नाव बसवायचं होतं म्हणून' हे स्पष्टीकरण या साच्यात फारसं चालत नाही. दुसरं कारण शोधावं लागतं. नाव दुसऱ्या चरणाच्या शेवटी आलं असेल तर गोष्ट वेगळी.

आता अर्थाबद्दल काय लिहिता येईल

समजा दुसरी प्रत नाही, आपल्या हातात आहे तोच पाठ खरा. मोड कवीची. तरी 'कवीने बंधन झुगारले' हे वाक्य अजून पोकळच आहे, कारण ते कुठल्याही कवितेबद्दल लिहिता येतं. मोड नेमकी कुठे पडली आणि तिथे काय चाललंय, ते सांगायला हवं.

मोठ्या अभंगात तिसरा चरण दुसऱ्याला आवाजानं उत्तर देतो. यमकाचं काम तिथे तेवढंच आहे. तिसऱ्या कडव्यात पोर आडात हाक देते: दुसरा चरण 'आत' वर थांबतो आणि तिसरा 'अंधारात' म्हणून तोच आवाज परत पाठवतो. आपण प्रत्ययाच्या यमकाची जी खूण केली होती ती इथे आठवा. कडक नियमानं हे दुबळं यमक होतं, कारण अंधारात मधला जुळणारा भाग म्हणजे जवळजवळ 'आत' हाच शब्द पुन्हा. पण इथे पोरीला तिचाच आवाज परत मिळतोय, नवं उत्तर नाही. जे यमक नियमाला दुबळं वाटलं ते या जागी शोभतं. आणि पुढच्या कडव्यात, जिथे शब्द सांगतात की उत्तर आलं नाही, तिथेच तिसऱ्या चरणाकडून यमकाचं उत्तर येत नाही.

हे विधान पोकळ नाही, कारण ते खोटं ठरू शकतं. मोड दुसऱ्या कडव्यात असती तर ते टिकलं नसतं. यमक चौथ्या चरणात सरकलं असतं तरी टिकलं नसतं. याच कवीच्या पन्नास अभंगांपैकी वीस अभंगांत अशीच कुठेही यमकं सुटलेली सापडली, तरीही नाही. मग ती या कवीची ढिलाई किंवा सवय, या कडव्यापुरता अर्थ तिच्यावर लादता येत नाही. म्हणून एका कवितेतली मोड घेऊन बसण्याआधी त्याच कवीची निदान काही डझन कडवी त्याच नियमानं नोंदवून पाहावीत. प्रबंधातलं वाक्य मग साधारण असं होईल: 'शेवटचे अक्षर आणि त्याआधीचा स्वर या निकषावर चार कडव्यांपैकी पहिली तीन ०अअ० या साच्यात आहेत. चौथ्यात अक्षरसंख्या कायम असून केवळ यमक अनुपस्थित आहे, त्याला पाठभेदाचा आधार आढळत नाही आणि या कवीच्या पाहिलेल्या इतर अभंगांत अशी अनुपस्थिती विरळ आहे.' त्यापुढे अर्थाचं वाक्य.

नोंदवही आखताना चरणागणिक एक आडवी ओळ ठेवा आणि रकाने पाच पुरतात: कडव्याचा आणि चरणाचा क्रमांक, अक्षरसंख्या, शेवटचा शब्द, यमकाचं अक्षर, जुळणारा आवाज. प्रत्ययाची खूण शेवटच्या शब्दाशेजारीच करावी. पाठभेद आढळला तर तो त्याच ओळीखाली वेगळ्या शाईत लिहावा आणि त्याची नोंद स्वतंत्रपणे लावावी, मूळ अक्षर खोडून नाही. मार्गदर्शकांनी किंवा व्हायव्हाला परीक्षकांनी 'ही मोड कशावरून?' असं विचारलं तर दाखवायला हीच वही लागते.